विज्ञान प्रदर्शन: पालकांना आमंत्रण

नमस्कार पालकहो,
शनिवारी, 28 फेब्रुवारी 2026, राष्ट्रीय विज्ञान दिनी शाळेच्या सभागृहात मुलांचं प्रदर्शन आहे.

वेळ: सकाळी 10 ते दुपारी 1. शेवटचा प्रवेश 12.30 ला.

सातवी ब च्या मुलींनी केलेला हळदीचा कागद आवर्जून पाहा. कपड्यांच्या साबणाच्या पाण्याने तो लालसर होतो, लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळा. घरचा शाम्पू थोडा सोबत आणा. बऱ्याच शाम्पूंनी रंग बदलत नाही, कारण ते अल्कधर्मी नसतात. मुली समजावून सांगतील.

आठवी अ च्या गटाचा सूचिछिद्र कॅमेरा अंधाऱ्या खोलीत आहे. तिथे मोबाइलचा उजेड नको.

प्रवेशासाठी पाल्याचं ओळखपत्र दाखवा. मुलांनी सांगितल्याशिवाय मांडणीला हात लावू नका.

विज्ञान विभाग