बनावट नोटेचं मॉड्यूल कसं लिहायचं

प्रिय सुन्या,

तुमच्या बँकेनं नवीन क्लार्कसाठीचं ट्रेनिंग मॅन्युअल तुझ्याकडं सोपवलं हे वाचून बरं वाटलं. तू पाठवलेला आराखडाही बघितला. सगळ्या मॉड्यूलबद्दल लिहायला बसलो तर वही भरेल, म्हणून फक्त कॅशच्या मॉड्यूलमधल्या बनावट नोटेच्या भागाबद्दल लिहितो, कारण नवीन पोरगं काउंटरवर सगळ्यात जास्त गांगरतं ते इथंच.

तू उद्दिष्ट लिहिलंयस, "प्रशिक्षणार्थीला बनावट नोटांची माहिती होईल." अरे, माहिती झाली की नाही हे तू तपासणार कसं? उद्दिष्टात असं काम लिही जे शेजारी उभं राहून बघता येईल. मी असं लिहीन: "संशयित 500 ची नोट हातात आल्यावर प्रशिक्षणार्थी निदान तीन खुणा तपासून निर्णय सांगेल, आणि नोट बनावट ठरली तर ती ग्राहकाला परत न देता शिक्का, रजिस्टर आणि पावती पूर्ण करेल." यातलं "परत न देता" हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण नवीन माणूस भिडस्तपणानं नेमकं तेच करतो, "काका, ही चालणार नाही" म्हणतो आणि नोट सरकवून देतो, आणि ती नोट संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडते. बनावट नोट जप्त केली नाही तर रिझर्व्ह बँक त्याला बँकेचा जाणूनबुजून सहभाग मानते, हे मॉड्यूलमध्ये ठळक अक्षरात टाक.

खुणा शिकवताना पूर्ण यादी देऊ नकोस, गर्दीच्या वेळी कुणाला पंधरा-सोळा खुणा आठवत नाहीत. तीन पुरेत. नोट तिरपी केली की सुरक्षा धाग्याचा रंग हिरव्याचा निळा होतो. उजेडासमोर धरली की गांधीजींचं चित्र आणि 500 चा आकडा वॉटरमार्कमध्ये दिसतो. आणि डाव्या-उजव्या कडेच्या पाच उभार रेघा बोटाला लागतात, फक्त नोट फार वापरलेली असली की उभार झिजतो, म्हणून एकट्या बोटावर निर्णय द्यायचा नाही.

आता सराव. कलर झेरॉक्स काढून "नकली नोटा" बनवायचा विचार असेल तर सोड, नोटेसारखा दिसणारा कागद छापणं हाच गुन्हा आहे. पकडलेल्या बनावट नोटाही सरावाला ठेवायच्या नाहीत, त्या पोलिसांकडं जातात. त्यापेक्षा खऱ्याच नोटा घे, मळकट, पेनानं लिहिलेल्या, भिजून सुरकुतलेल्या, आणि त्यात कोऱ्या करकरीत मिसळ. पोरांना "यातल्या संशयित काढा" एवढंच सांग, सगळ्या खऱ्या आहेत हे सांगू नकोस. जो मळकी नोट दिसली की बनावट म्हणतो तो इथंच कळतो, आणि अशा क्लार्कमुळे खऱ्या नोटेचा ग्राहक उगाच अडकतो.

दुसरा सराव रोलप्लेचा. केस अशी दे: दुकानदार 500 च्या 124 नोटा घेऊन आलाय, स्लिपवर 62,000, त्यातल्या एका नोटेच्या जागी नोटेच्या मापाचा कोरा कागद ठेव, त्यावर "धागा रंग बदलत नाही, वॉटरमार्क नाही" एवढं लिहिलेलं. ग्राहक झालेला सहकारी चिडून म्हणणार, "माझी नोट मला द्या, जिथनं आली तिथं देतो." पोरानं काय करायचं? शांतपणे साहेबांना बोलवायचं, नोट हातातून सोडायची नाही, तिच्यावर बनावट नोटेचा 5 सेंमी बाय 5 सेंमीचा शिक्का मारायचा, रजिस्टरला नोंद आणि ग्राहकाला पावती. ग्राहक सही करायला नाही म्हणाला तरी पावती द्यायचीच, हे पोरांना माहीत नसतं. खात्यात जमा 61,500, त्या नोटेचे पैसे मिळत नाहीत, आणि स्लिप ग्राहकाकडून 61,500 ची नवीन लिहून घ्यायची. एवढ्या रोख रकमेला पॅन लागतो का, हे गडबडीत बघायचं राहतं का तेही तपास.

मग तीच केस जरा बदलून दे, एकाऐवजी पाच नोटा. एका व्यवहारात चारपर्यंत असल्या तर बँकेनं यासाठी नेमलेला नोडल अधिकारी महिन्याच्या शेवटी पोलिसांना एकत्रित अहवाल देतो, पाच किंवा जास्त असल्या तर एफआयआर. क्लार्कनं हे ठरवायचं नाही, पण नोटा मोजून साहेबांना बरोबर आकडा सांगणं त्याचंच काम, म्हणून उद्दिष्टातही तेवढंच लिही.

मार्क देताना एकच कडक नियम ठेव, नोट परत दिली की बाकी सगळं बरोबर असलं तरी नापास. आणि उत्तरं मॉड्यूलच्या शेवटी छापू नकोस, ट्रेनरच्या वेगळ्या प्रतीत ठेव, प्रत्येक उत्तरापुढं कारण लिहून.

चेकचं मॉड्यूल लिहून झालं की पाठव, तारीख आणि अक्षरी रकमेच्या सरावाबद्दल मला बरंच बोलायचंय. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विन्या