दुसऱ्या नावाला ‘जादा भार’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विधी महाविद्यालयातील वर्गप्रतिनिधीच्या भाषणाची बातमी काल आपल्या अंकात वाचली. वर्गाच्या नोट्स एका फोल्डरमध्ये एकत्र ठेवाव्यात, हा तिच्या प्रस्तावाचा पहिला भाग; तेवढाच आपण उचलला. मथळ्यात फोल्डर, छायाचित्राखाली फोल्डर, बातमीभर फोल्डर. नोट्समधला कलमाचा प्रत्येक सारांश दुसऱ्या विद्यार्थ्याने मूळ कायद्याशी ताडून पाहायचा आणि खाली दोघांची नावे टाकायची, हा त्या मुलीचा खरा मुद्दा होता. तो शेवटच्या ओळीत, तोही ‘विद्यार्थ्यांवर जादा भार’ म्हणून आला आहे. मी त्या दिवशी सभागृहात होते. चार-पाच मिनिटांच्या बोलण्यातला बराच वेळ तिने या तपासणीलाच दिला होता. नोट्स एकत्र ठेवण्यासाठी कुणाच्या भाषणाची गरज नाही. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्या वर्षानुवर्षे एकत्रच आहेत.

न तपासलेल्या नोट्सचा भार कोण वाहते, ते मी पाहिले आहे. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. विश्वासाने सांभाळायला दिलेले दागिने परिचिताने परत द्यायचे नाकारले होते. मी कोर्टात असताना माझ्या ज्युनियरने त्यांना ठामपणे सांगितले, की हा दखलपात्र गुन्हा आहे, पोलिसांना एफआयआर लगेच नोंदवावाच लागेल, आधी चौकशी करता येणार नाही. बाई ठाण्यात हेच सांगून भांडल्या. ठाणे अंमलदाराने पुस्तक उघडून कलम दाखवले. दहा माणसांदेखत खोट्या पडल्या, आणि परत येऊन मला म्हणाल्या, “ताई, तुमच्याच ऑफिसातून सांगितलं होतं ना?”

ज्युनियरने वाचलेल्या नोट्स मी मागवून घेतल्या. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 154 खोडून वर पेनाने 173 लिहिले होते. बाकी मजकूर जुनाच. सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा ललिता कुमारी निकाल व्यवस्थित दिला होता, की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर नोंद बंधनकारक आणि प्राथमिक चौकशीला फार मर्यादित वाव. पण 1 जुलै 2024 पासून त्या जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, आणि तिच्या कलम 173 मध्ये तिसरे पोटकलम नवे आहे. तीन वर्षे किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत ठाण्याचा प्रभारी अधिकारी उपअधीक्षकाच्या परवानगीने, प्रथमदर्शनी प्रकरण आहे का हे पाहण्यासाठी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतो. भारतीय दंड संहितेच्या जागी त्याच दिवशी आलेल्या भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताला, कलम 316(2) खाली, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे बाईंचे प्रकरण बरोबर त्या पट्ट्यात बसत होते. उलट 318(4) खालची फसवणूक असती, तर शिक्षा सात वर्षांपर्यंत, म्हणून हे पोटकलम लागूच झाले नसते. ‘सातपेक्षा कमी’ हे दोन शब्द सारांशात गळले, तरी अशिलाला चुकीचा सल्ला जातो.

म्हणूनच त्या मुलीचा प्रस्ताव मला मोलाचा वाटतो, आणि तो नीट राबवला जावा अशी कळकळ आहे. तपासणाऱ्याने आधी सारांश वाचला, तर त्याला तो बरोबरच वाटणार, कारण वाक्ये सफाईदार असतात आणि कलमाचा आकडाही नवा असतो. जे लिहिलेलेच नाही ते सारांश वाचून सापडत नाही. त्याने बेअर अॅक्टमधले, म्हणजे कायद्याच्या मूळ मजकुरातले, कलम आधी पोटकलमांसह वाचावे, त्यात काय काय आहे ते कागदावर टिपावे आणि मग सारांश उघडावा. कलम 173 साठी पाऊण तास पुरतो. दोघांनी एकाच जुन्या झेरॉक्सवरून काम केले, तर दोन नावे असूनही चूक तशीच राहील. म्हणून तपासणाऱ्याने नावापुढे कोणते पोटकलम कोणत्या प्रतीत वाचले, तेही लिहावे. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन मित्रांनी एकमेकांच्या सगळ्या सारांशांवर नावे टाकलेली दिसली आणि कुठेही एक दुरुस्ती नाही, तर वर्गाने समजावे की तपासणी झालेली नाही.

जाता जाता आणखी एक. आपल्या गुन्हेवार्तांच्या पानावर अजूनही ‘कलम 302 अन्वये गुन्हा’ असे, कायद्याचे नाव न देता छापले जाते. 1 जुलै 2024 पासूनच्या खुनाला न्याय संहितेचे कलम 103 लागते. त्या संहितेतले 302 धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याचे आहे. गुन्हा त्या तारखेआधी घडलेला असेल तर जुने कलम बरोबर, पण मग भारतीय दंड संहिता असे नाव द्या. विद्यार्थी तुमचे पान वाचतात आणि तिथूनही नोट्स काढतात.

वर्गप्रतिनिधीच्या प्रस्तावाचा दुसरा भाग आपण पुढील अंकात ठळकपणे छापावा, ही विनंती.

आपली,
जिल्हा न्यायालयातील एक वकील
(अशिलाची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये.)