रेझोल्यूशन कमी केलं म्हणजे जागा वाचतेच असं नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत फोनमधली जागा वाचवण्याविषयीचा लेख वाचला. लेख उपयोगी आहे, पण त्यातला ‘व्हिडिओ साठवताना रेझोल्यूशन कमी करा, फाइल आपोआप लहान होईल’ हा सल्ला अपुरा आहे. नेमक्या याच सल्ल्यापासून सुरुवात करून मी मागे दोन रात्री वाया घालवल्या. इतर वाचकांवर ती वेळ येऊ नये, म्हणून हे पत्र.

व्हिडिओची फाइल किती मोठी होणार हे दोनच गोष्टींवर ठरतं. एक बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती बिट खर्च होतात, आणि दुसरी व्हिडिओची लांबी. या हिशेबात रेझोल्यूशन, म्हणजे चित्रात किती ठिपके आहेत ते, कुठेच येत नाही. एका सेकंदाला 1 मेगाबिट खर्च होत असेल, तर तासाभरात 3600 मेगाबिट होतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून 3600 भागिले 8, म्हणजे 450 एमबी. 450 हा एवढा एकच आकडा लक्षात ठेवला की पुरतं. बिटरेट 2 मेगाबिट असेल तर तासाला 900 एमबी, अर्धा मेगाबिट असेल तर 225 एमबी. चित्र 1080p, म्हणजे 1080 ठिपके उंचीचं, असो वा 360p, या गणितात फरक पडत नाही. मात्र बिट आणि बाइट यांची गल्लत झाली की अंदाज थेट आठपट चुकतो, तेवढं सांभाळावं.

आता माझा अनुभव सांगते. माझे वडील निवृत्तीनंतर जलरंग शिकत आहेत. त्यांच्या वर्गाची चौदा चित्रणं मिळाली. प्रत्येक चित्रण एक तासाचं, 1080p आणि साधारण 5 मेगाबिटचं होतं. आवाज धरून एकेक फाइल 2.3 जीबीची, म्हणजे एकूण 32 जीबी. त्यांच्या फोनमध्ये 11 जीबी जागा शिल्लक होती. शिवाय फोटोंसाठीही जागा हवी होती, म्हणून चौदाही भाग 5 जीबीत बसवायचे असं आम्ही ठरवलं.

पहिल्या रात्री मी संगणकावरच्या एका कन्व्हर्टरमध्ये 480p निवडलं आणि सगळ्या फाइली लावून झोपले. सकाळी पाहते तर प्रत्येक फाइल 1.8 जीबीची. सेटिंगच्या दुसऱ्या पानावर बिटरेटच्या चौकटीत आधीपासून 4000 हा आकडा होता आणि तो तसाच राहिला होता. चित्रातले ठिपके पाचपट कमी झाले, तरी कन्व्हर्टरने दर सेकंदाला 4 मेगाबिट खर्च केलेच. त्यातला बराचसा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या बारकाव्यांवर गेला.

दुसऱ्या रात्री मी उलटं केलं. चित्र 1080p च ठेवलं आणि बिटरेट 700 किलोबिटवर आणला. आवाजाच्या एका चॅनेलसाठी 64 किलोबिट धरले. एकूण 764 किलोबिट, म्हणजे तासाला 344 एमबी, आणि चौदा भागांचे 4.8 जीबी. जागेचा हिशेब अगदी जुळला. पण वडिलांनी पहिला भाग लावला आणि पाच मिनिटांत फोन माझ्या हातात दिला. “अगं, शिक्षकांचा हात हलला की सगळे चौकोन चौकोन होतात. आणि आभाळाचा वॉश बघ, पायऱ्या पडल्यात त्यात.” खरंच तसं होतं. निळ्यापासून पांढऱ्याकडे हळूहळू विरत जाणाऱ्या रंगात ठळक पट्टे उमटले होते. हात स्थिर झाला की सेकंदाभरात चित्र सावरायचं आणि ब्रश हलला की पुन्हा फुटायचं.

असं का झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 25 स्थिर चित्रं धरली, तर 700 किलोबिटमधून एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी 28 हजार बिट येतात. 1080p च्या एका फ्रेममध्ये 1920 गुणिले 1080, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. म्हणजे साधारण 74 ठिपक्यांमागे एक बिट. हेच चित्र 480p केलं, 854 गुणिले 480, की ठिपके होतात चार लाखांच्या थोडे वर, आणि दर 15 ठिपक्यांमागे एक बिट मिळतो. इतक्या थोड्या बिटांत चित्र उभं राहतं, कारण जो भाग हललेला नाही तो आधीच्या फ्रेमवरून उचलला जातो आणि फक्त बदल लिहिला जातो. म्हणून स्थिर चित्र चांगलं दिसतं आणि हालचाल सुरू झाली की बिट अपुरे पडतात. व्हिडिओ लहान करून साठवण्याच्या एच.264 या पद्धतीत चित्राचे 16 बाय 16 ठिपक्यांचे चौकोन पाडलेले असतात. बिट पुरेनासे झाले की प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील टाकून दिला जातो आणि चौकोन सपाट होतो. वडिलांना दिसत होते ते हेच चौकोन. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, तसंच हे आहे. बिटरेट हे अंथरूण, आणि 700 किलोबिटच्या अंथरुणात 1080p चे पाय मावत नाहीत.

तिसऱ्यांदा मी 480p आणि 700 किलोबिट ठेवलं. फाइल पुन्हा तेवढीच, 344 एमबी. पण या वेळी चौकोन गेले, आभाळ सलग दिसू लागलं, आणि ओल्या कागदावर रंग ओघळतो तो ओघळही वडिलांना नीट दिसला. जागा तेवढीच घेऊन कमी रेझोल्यूशनचं चित्र जास्त चांगलं दिसलं, ही गोष्ट आपल्या लेखात यायला हवी होती. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. हे रूपांतर मूळ 5 मेगाबिटच्या फाइलपासूनच करायचं. दुसऱ्या रात्रीच्या फाइलीपासून केलं असतं तर चौकोन तसेच राहिले असते, कारण एकदा टाकलेला तपशील नंतर कितीही बिट दिले तरी परत येत नाही. म्हणून फोनवर पाहून खात्री होईपर्यंत मूळ फाइल पुसू नये.

480p म्हणजे फारच कमी, असं अनेकांना वाटतं. पण इथे फोनच्या पडद्यावर किती ठिपके आहेत यापेक्षा डोळ्यांना किती दिसतं हे पाहावं. साधारण निरोगी डोळा एका अंशात सुमारे 60 ठिपके वेगळे ओळखू शकतो. फोन आडवा धरला की व्हिडिओ सुमारे 13 सेंटिमीटर रुंद दिसतो आणि आपण तो 35 सेंटिमीटरवरून पाहतो. तो डोळ्यांसमोर जेमतेम 21 अंश व्यापतो, म्हणजे आडवे सुमारे 1260 ठिपके. 720p मध्ये आडवे 1280 ठिपके असतात, तेव्हा एवढ्या पडद्यावर त्याच्या पुढचं सगळं साठवणं म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीला जागा देणं. फोन उभाच धरून वरच्या पट्टीत व्हिडिओ पाहायची सवय असेल, तर रुंदी सात सेंटिमीटरच उरते. तिथे सातशेहून कमी ठिपके पुरतात आणि 640 ठिपक्यांचं 360p सुद्धा चालून जातं. 480p हा यांच्या मधला पर्याय. त्यात चित्र किंचित मऊ होतं, पण हलत्या दृश्यात तो मऊपणा जाणवत नाही. चौकोन मात्र लगेच खुपतात. हीच फाइल मोठ्या टीव्हीवर लावली तर ती मऊ दिसणार, हे आधीच मान्य करायला हवं.

या नियमाला एक मोठा अपवाद मला त्या चौदा भागांतच भेटला. एक भाग यथादर्शनाच्या सिद्धांताचा होता. त्यात शिक्षक बोलत होते आणि पडद्यावर आकृत्या व बारीक अक्षरातल्या टिपा होत्या. 480p मध्ये त्या टिपांमधल्या वेलांट्या आणि अनुस्वार मिटून गेले. बिट भरपूर होते, कारण काही हलतच नव्हतं. कमी पडले होते ते ठिपके. म्हणून तो भाग मी 720p ला ठेवला आणि बिटरेट उलट निम्म्यावर, 350 किलोबिटवर आणला. फाइल 186 एमबीची झाली आणि अक्षर न अक्षर वाचता आलं. तेव्हा स्थिर पडद्यावरची अक्षरं असतील तर ठिपके राखावेत आणि बिट कमी करावेत. हात, पाणी, गर्दी, खेळ असं काही हलत असेल तर ठिपके कमी करून बिट राखावेत. सगळ्या फाइलींना एकच सेटिंग लावलं की यातलं काहीतरी बिघडतं.

आता मी आधी एकच मिनिट रूपांतरित करून पाहते. ते मिनिटही सगळ्यात अवघड निवडते: अंधारं, भराभर हलणारं किंवा बारीक अक्षरांचं. ते फोनवर, नेहमीच्या अंतरावरून पाहायचं. संगणकाच्या पडद्यावर पाहून निर्णय घेतला की माणूस विनाकारण वरचं रेझोल्यूशन निवडतो. हँडब्रेक हा मोफत प्रोग्राम वापरत असाल तर त्यात Avg Bitrate (kbps) आणि Constant Quality असे दोन पर्याय असतात. जागा ठरलेली असेल तर पहिला पर्याय घ्यावा. तेवढी अडचण नसेल तर दुसरा जास्त चांगला, कारण तो शांत दृश्यावर कमी आणि धावत्या दृश्यावर जास्त बिट खर्च करतो. तिथला आकडा वाढवला की फाइल लहान होते. मी 480p साठी 24 ठेवते. एच.265 या नंतरच्या पद्धतीने तेवढ्याच दर्जाची फाइल आणखी लहान होते, पण जुन्या फोनमध्ये त्याची सोय चिपमध्येच नसते. मग व्हिडिओ अडखळतो आणि बॅटरी भराभर उतरते. वडिलांचा फोन जुना, म्हणून मी एच.264 वरच थांबले.

हातात असलेल्या फाइलचा बिटरेट पाहायचा असेल तर विंडोजमध्ये फाइलच्या Properties मध्ये Details या पानावर Total bitrate लिहिलेला असतो. संगणक नसेल तर तासाभराच्या फाइलचे एमबी घेऊन 450 ने भागावेत, मेगाबिट मिळतात.

आपल्या लेखासोबतच्या तक्त्यात 360p, 480p, 720p अशा नावांपुढे थेट एमबीचे आकडे छापले आहेत. ते कोणत्या बिटरेटचे, याचा उल्लेख नाही, आणि त्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ राहत नाही. पुढच्या अंकात त्या तक्त्यात बिटरेटचा एक रकाना वाढवून तो पुन्हा छापावा, अशी कळकळीची विनंती करते.

आपली,
एक नियमित वाचक