विषय : सामायिक फोल्डरमधील एक्सेल फाइलला कुलूप न लागल्यामुळे नोंदी पुसल्या जाणे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीने बसवलेल्या नॅसवर `stock.xlsx` ही साठ्याची फाइल आहे. हिशेब विभाग ती नेटवर्क ड्राइव्हवरून उघडतो. गोदामातला लॅपटॉप मात्र आपल्याच माणसाने बसवलेल्या सिंक अ‍ॅपच्या फोल्डरमधून उघडतो. नोंदी पुसल्या गेल्याची तक्रार केली तेव्हा ‘वापरणाऱ्याची चूक’ असे उत्तर आले. ते आम्हाला मान्य नाही.

दोन्ही संगणकांवर नेटवर्क ड्राइव्हवरून फाइल उघडली, तर दुसऱ्याला ‘फाइल वापरात आहे, फक्त वाचता येईल’ असा इशारा मिळतो. कारण एक्सेल फाइल उघडताना ‘दुसऱ्या कोणाला लिहू देऊ नको’ असे सर्व्हरला बजावते आणि शेजारी `~$stock.xlsx` ही लपलेली फाइल ठेवते. फाइल कोणाकडे आहे, ते नाव इशाऱ्यात तिच्यातूनच येते. सिंक फोल्डरमधली फाइल मात्र लॅपटॉपच्या डिस्कवरची वेगळी प्रत असते. तिचे कुलूप लॅपटॉपपुरतेच, नॅसला त्याचा पत्ताही नसतो.

पडताळणीसाठी दोन्हीकडे फाइल उघडी ठेवून नॅसवर ही आज्ञा चालवावी :

```
sudo smbstatus -L
```

`stock.xlsx` समोर `DENY_WRITE` ही नोंद हिशेब विभागाच्या संगणकाची दिसते. लॅपटॉपची दिसतच नाही.

आता नुकसान कसे होते ते पाहा. दोघांनी आपापली, पण सारख्याच नोंदी असलेली प्रत उघडली. हिशेब विभागाने १४व्या ओळीत २४० चे १९० करून 11:20 ला जतन केले. त्याच वेळी लॅपटॉपवर फाइल उघडीच होती, त्यामुळे नवी प्रत तिथे उतरू शकली नाही. गोदामाने ३१वी ओळ बदलून 11:25 ला जतन केले. सिंक अ‍ॅप ओळी जुळवत नाही, अख्खी फाइल चढवते. सेटिंग ‘शेवटी बदललेली ठेवा’ असे असल्याने १४व्या ओळीत पुन्हा २४० आले, आणि कोणाच्याच पडद्यावर इशारा आला नाही.

(याउलट संगणक अचानक बंद पडला तर `~$` फाइल मागे राहून खोटा इशारा देऊ शकते. वरच्या आज्ञेत मूळ फाइलसमोर कोणाचीच नोंद नसेल तरच ती काढावी. आपल्या तंत्रज्ञाने न पाहताच ती काढण्याचा सल्ला दिला होता.)

आमच्या मागण्या : हे फोल्डर लॅपटॉपच्या सिंकमधून वगळून नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडून द्यावे. इतर फोल्डरांसाठी सेटिंग ‘दोन्ही प्रती ठेवा’ असे करावे. फाइलच्या जुन्या आवृत्त्या नॅसवर असतील तर पुसलेल्या नोंदी त्यांतून काढून द्याव्यात, आणि विनाशुल्क. सिंक फोल्डरमध्ये कुलूप चालत नाही, हे विक्रीच्या वेळी का सांगितले नाही, याचा खुलासा सात दिवसांत लेखी द्यावा.

आपला,
ग्राहक