डायरी एका रात्रीत लिहायची नसते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पाचगाव रोडला एका दुमजली घराच्या साईटवर इंटर्नशिप करतोय. आमच्यात साईट डायरी म्हणजे व्हायवाच्या आदल्या रात्री चहा पीत पीत भरायची वही, सगळ्या तारखांना एकच पेन आणि एकच वाक्य, 'आज स्लॅबचे काम पाहिले'. मीपण पहिले दोन आठवडे तेच केलं, खोटं कशाला बोलू. पुढं जे झालं ते वाचकांना, खासकरून ज्यांचं घर बांधायला चाललंय त्यांना, सांगावं वाटलं.

सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचे टेकू आणि प्लेटा, लागत होतं तेव्हा साईटच्या सरांनी हातात टेप दिला आणि म्हणाले, ड्रॉइंग बघू नकोस, आधी मोज आणि मग ड्रॉइंग बघ. हॉलचा आखूड गाळा, म्हणजे दोन बीममधलं अंतर, आतून आतून भरला ४.७ मीटर, ड्रॉइंगवर ४.४. घरमालकांनी मध्येच जिन्याची जागा सरकवलेली आणि ते सगळ्यांना माहीत होतं पण कागदावर कुणीच घेतलं नव्हतं. ३० सेंटीमीटर म्हणजे काय मोठं, असं मलापण वाटलं, पण स्लॅबला वाकवणारा जोर गाळ्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे ४.४ चा ४.७ झाला की तो साधारण १४ टक्के जास्त. डिझायनरना फोन केला, त्यांनी परत हिशोब करून जाडी तीच ठेवली पण मेन सळ्यांमधलं अंतर १५० मिमीवरून १२५ वर आणलं. मी डायरीत दोन्ही मापं, कुणी मोजलं आणि फोन किती वाजता झाला एवढं लिहिलं, सरांची सही घेतली.

स्लॅबच्या आदल्या रात्री पाऊस झाला. (आमच्याकडं 'स्लॅब पडला' म्हणजे स्लॅब टाकून झाला, बाहेरगावचा माणूस ऐकून दचकतो.) सकाळी साडेसातला काँक्रीट चालू व्हायच्या आधी मी एकेक टेकू हातानं हलवून बघत गेलो, पोर्चखाली तीन टेकू नुसते लोंबकळत होते, पाचर बोटानं निघत होती. खालचा मुरमाचा भराव भिजून बसला होता आणि टेकू थेट त्याच्यावर उभे, खाली फळी नाहीच. वरून बघितलं असतं तर सगळं ठणठणीत दिसलं असतं, कारण प्लेटा शेजारच्या टेकूंवर पेलल्या होत्या, पण ओलं काँक्रीट घनमीटरला अडीच टनाच्या आसपास भरतं. फळ्या टाकून पाचरी ठोकायला पाऊण तास गेला, मिक्सरवाला कावला, मी ते पण लिहिलं.

खरी गंमत पुढं. सेंटरिंगवाल्या मामांना प्लेटा दुसऱ्या साईटला न्यायच्या होत्या. ते म्हणाले अकरा दिवस झाले, सुपरवायझर म्हणाला आठच, मालक म्हणाले पाहुणे आलेले त्या दिवशी पडला की. डायरीत बघितलं तर नववा दिवस. मामांचं पुढचं म्हणणं की सात दिवसात टेकू निघतात, आणि ते अर्धं बरोबर आहे, कारण आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात स्लॅबचा गाळा ४.५ मीटरपर्यंत असेल तर टेकू किमान ७ दिवस, त्याच्यावर असेल तर १४. ड्रॉइंगचा ४.४ धरला तर मामा जिंकले, टेपचा ४.७ धरला तर हरले. शिवाय ते आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे, आमची पोती पीपीसीची, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटची, आणि पीपीसी सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, म्हणून सरांनी १८ दिवस सांगितले. ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे क्यूब पाण्याच्या टाकीत निवांत बसलेले असतात, वरचा स्लॅब उन्हापावसात, त्यामुळं क्यूब चांगला आला म्हणून टेकू काढा असं धरता येत नाही हे पण त्याच दिवशी कळलं.

मामा दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. एकोणिसाव्या दिवशी सकाळी टेकू काढायला लागलो, हॉलमध्ये गाळ्याच्या मधून कडेकडे, आणि पोर्चचा जो भाग नुसता बाहेर लोंबतो तिथं मात्र टोकाकडून आत.

कॉलेजच्या सरांना एक विनंती, डायरी सेमिस्टरच्या शेवटी मागू नका, दर शनिवारी साईटवाल्यांच्या सहीचं पान मागा, म्हणजे एका रात्रीत भरताच येणार नाही. आणि घर बांधणाऱ्यांनी स्लॅबची तारीख आणि सिमेंट कुठलं ते तरी स्वतः कॅलेंडरवर लिहून ठेवावं.

परवा मामांनी दुसऱ्या साईटवरून फोन केला, "बाळा, तिथला पोरगा वही ठेवत न्हाई, गाळा कुठनं कुठवर मोजायचा सांग की त्याला."

आपला,
एक इंटर्न, कोल्हापूर