पेरोलच्या ताईंना, जरा उशिराच

ताई, तुम्हाला मेलवर दोन ओळींचं थँक्यू टाकलं होतं पण ते फार कमी होतं, आणि आमच्या टीममधले अजून तिघं बँक बदलायच्या विचारात आहेत म्हणून म्हटलं सगळ्यांना वाचता येईल असंच लिहू, म्हणजे त्यांनी तरी मी केला तो घोळ करू नये.

सुरुवात माझ्यापासूनच. नवीन खातं 12 तारखेला उघडलं, पोर्टलवर बँक डिटेल्स बदलायचा फॉर्म भरला तो 22 ला. स्क्रीनवर हिरवी टिक आली, "सेव्ह झालं" म्हणाली, मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या बँकेत खातं बंद करायचा अर्ज पण देऊन आलो. तुमचा कट-ऑफ 20 तारखेला असतो हे जॉइन झालो तेव्हा कुठल्यातरी पीडीएफमध्ये वाचलं असणार, डोक्यात मात्र काही राहिलं नव्हतं.

23 ला दुपारी तुमचा फोन आला. खरं सांगू का, तेव्हा मला राग आलेला. फॉर्म भरलाय, कॅन्सल्ड चेक जोडलाय, आता परत फोनवर "हा बदल तुम्हीच टाकलाय का" कशाला विचारायचं? तुम्ही शांतपणे सांगितलं की मेलमधल्या किंवा फॉर्ममधल्या नंबरवर तुम्ही कधीच फोन करत नाही, जॉइन होताना दिलेला जो नंबर रेकॉर्डला आहे त्यावरच करता, कारण दुसऱ्याच्या नावाने मेल करून पगाराचं खातं बदलून घेणारे लोक असतात आणि असा पैसा एकदा गेला की परत मिळवणं फार अवघड. मग माझा राग जरा उतरला.

त्याच फोनवर तुम्ही मला आयएफएससी वाचून दाखवायला लावलात. 11 अक्षरं असतात, पहिली चार बँकेची, पाचवं कायम शून्य, पुढची सहा शाखेची. मी त्या शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाइप केला होता. दिसायला सेम, मला तर स्क्रीनवर फरकच कळला नसता. पण त्याहून महत्त्वाचं तुम्ही नंतर सांगितलंत, की एनईएफटीमध्ये पैसे जमा होतात ते फक्त खाते नंबरावर, नाव जुळवून नाही. म्हणजे कोड चुकला तर बहुतेक वेळा ट्रान्सफर अडकतो, परत येतो, पण खाते नंबरातला एक आकडा चुकला आणि तो नंबर खरंच कोणाचा असला तर पैसे सरळ त्याच्याकडे. म्हणून तुम्ही 25 ला नवीन खात्यावर एक रुपया पाठवून बघितला, बँकेकडून खातेदाराचं नाव काय येतंय ते तपासलं, आणि मगच मास्टरमध्ये, म्हणजे तुमच्याकडे सगळ्यांची खाती नोंदवलेली असतात तिथे, बदल केला. तो एक रुपया माझ्या स्टेटमेंटला दिसला तेव्हा मी बायकोला दाखवून हसलो होतो, म्हटलं बघ, पगार झाला.

आता खरा घोळ. त्याच फोनवर तुम्ही स्पष्ट सांगितलं होतं की या महिन्याचा डेटा 20 ला लॉक झालाय, पगार जुन्याच खात्यात जाणार, तेव्हा जुनं खातं पुढच्या महिन्याची सॅलरी नवीन खात्यात दिसेपर्यंत बंद करू नका. मी म्हटलं अहो अर्ज देऊन आलोय. तुम्ही म्हणालात आजच मागे घ्या, आणि तो थांबला नाही असं वाटलं तर 28 च्या आत मला कळवा, मी बँकेला जाणाऱ्या फाईलमधली तुमची ओळ होल्डवर ठेवते. मी बँकेला मेल टाकला, उत्तर आलं नाही, आणि उत्तर आलं नाही म्हणजे थांबलं असं मी आपलं मनाशी ठरवून टाकलं. तुम्हाला काहीच कळवलं नाही. खातं 27 ला बंद झालं.

30 ला सगळ्यांचे मेसेज आले, माझा नाही. पे-स्लिप उघडली तर त्यावर नवीन खात्याचे शेवटचे चार आकडे! मग काय, मी नवीन बँकेच्या कस्टमर केअरला धरलं, तासभर तेच गाणं ऐकत बसलो, आणि शेवटी त्या पोराने विचारलं सर यूटीआर नंबर द्या, म्हणजे प्रत्येक ट्रान्सफरला बँकेकडून मिळणारा वेगळा नंबर. माझ्याकडे कुठला यूटीआर. मग तुम्हाला जो मेसेज पाठवला तो आठवला की अजून लाज वाटते, "तुमच्या स्लिपवरच लिहिलंय नवीन खात्यात टाकले, मग गेले कुठे" वगैरे.

तुमचं उत्तर मी सेव्ह करून ठेवलंय. पे-स्लिप छापली जाते त्या दिवशी मास्टरमध्ये जे खातं असेल ते ती दाखवते, मास्टर 25 ला बदललं, स्लिप 29 ला निघाली. पण बँकेला जाणारी फाईल लॉक झालेल्या डेटावरून बनली, त्यात जुनंच खातं होतं. म्हणजे स्लिप सांगते पगार किती झाला, तो कुठे गेला हे ती सांगत नाही. ते कळतं फाईलमधल्या ओळीवरून आणि त्या ट्रान्सफरच्या यूटीआरवरून. इतकी वर्षं नोकरी करतोय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बंद खात्यावर पाठवलेले पैसे हवेत लटकत नाहीत, समोरची बँक ते पाठवणाऱ्याच्या खात्यात परत करते, हेही तेव्हाच कळलं. मला वाटत होतं आता जुन्या बँकेत खेटे घालावे लागणार. तुम्ही 1 तारखेला बँकेच्या रिटर्न रिपोर्टमध्ये माझा यूटीआर शोधला, कारण लिहिलेलं "खातं बंद", रक्कम स्लिपवरच्या नेट पगाराशी जुळवली, एकाने टाकायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं ती प्रोसेस केली, आणि 2 ला दुपारी पैसे नवीन खात्यात. 5 ला हप्ता कटणार होता माझा, त्यामुळे त्या मेसेजचा आवाज किती गोड वाटला ते विचारू नका. नवीन ट्रान्सफरचा यूटीआर वेगळा असतो, जुना नवीन बँकेला दिला तर त्यांना काहीच सापडत नाही, म्हणून तुम्ही दोन्ही लिहून पाठवले होते, कुठला कशाचा ते सांगून.

मी त्यावर एक बावळट प्रश्न विचारला होता, दोनदा पाठवलं म्हणजे टॅक्स दोनदा कापणार का. तुम्ही हसला नाहीत निदान लिहिताना तरी. म्हणालात पगार एकदाच झालाय, स्लिप एकच आहे, टीडीएस आणि पीएफ त्याच स्लिपवरून गेले, आत्ता फक्त तेच देणं दुसऱ्या रस्त्याने पोचवलं.

इथे कोणीही फाईल बंद केली असती. मी तर केलीच होती. पण 3 ला तुमचा परत मेसेज, "रिइम्बर्समेंट बघितलंत का?" मी म्हटलं ते पण तुमच्याकडूनच येतं ना. नाही येत! प्रवासाची बिलं अकाउंट्सवाले त्यांच्या वेगळ्या सिस्टीममधून देतात, तिथे आपण कर्मचारी असून वेंडरसारखे नोंदवलेले असतो, बँक डिटेल्सही तिथले वेगळे, पोर्टलवर कितीही हिरव्या टिक आल्या तरी तिकडे काही बदलत नाही. बघितलं तर माझं एक क्लेम 28 ला "पेड" दाखवत होतं. 28 ला, म्हणजे खातं बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी.

ते पैसेही परत आले होते, पण तिकडच्या रिटर्नवर फक्त क्लेम नंबर होता, नाव नव्हतं, आणि कोणी विचारायला आलं नाही म्हणून ते न ओळखलेल्या जमांमध्ये पडून होतं. सिस्टीमला "पेड" दिसतंय म्हणजे तिच्या लेखी विषय संपला. मी पण विचारलं नसतं, कारण रक्कम लहान होती आणि पगाराच्या गोंधळात मी ती विसरूनच गेलो होतो. हे तुमचं काम सुद्धा नव्हतं ताई. तुम्ही अकाउंट्सला क्लेम नंबर, तारीख, रक्कम देऊन ते शोधून घेतलं, मला तिथला वेगळा फॉर्म भरायला लावला, आणि 6 ला तेही आलं.

आणि मग ती शीट. तीन ओळी फक्त, प्रत्येक ओळीत काय मिळायला हवं होतं, किती, कधी पाठवलं, कुठल्या खात्यात, यूटीआर, आणि शेवटच्या कॉलममध्ये "स्टेटमेंटला दिसलं का" ते मी भरायचं. पहिली ओळ त्याच्या आधीच्या महिन्याच्या पगाराची होती, मी म्हटलं तो तर जुन्या खात्यात नीट आलाय, तुम्ही म्हणालात बघून सांगा. बघायला गेलो तर जुन्या बँकेचं नेटबँकिंग बंद, खातं नाही तर लॉगिन कसलं. बंद करायच्या आधी स्टेटमेंट उतरवून घ्यायचं हे पण सुचलं नव्हतं, शाखेत अर्ज देऊन मागवावं लागलं, आठ दिवस गेले त्यात. टीममधल्या तिघांनो, हे तेवढं आधी करा.

ते स्टेटमेंट गेल्या आठवड्यात आलं, पहिली ओळ जुळली. या महिन्याचा पगार 30 ला सकाळीच सरळ नवीन खात्यात पडला, शीटमध्ये मी स्वतःच चौथी ओळ वाढवून भरलीये आणि तुम्हाला परत पाठवलीये. प्रवासाच्या सिस्टीममध्ये नवीन खातं दिसतंय त्याचा स्क्रीनशॉट तुम्ही मागितला होता तो राहिलाय, उद्या ऑफिसला आलो की पहिलं तेच करतो.