पॅकेज छापता, तर टार्गेटही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या नोकरीविषयक पानावर सध्या दर आठवड्याला ‘अ‍ॅकॅडमिक कौन्सेलर पाहिजेत, पॅकेज ८ लाखांपर्यंत, अनुभवाची अट नाही’ अशा धाटणीच्या जाहिराती दिसतात. ऑनलाइन शिकवणी विकणाऱ्या एका कंपनीत मी आधी कौन्सेलर आणि नंतर टीम लीड म्हणून काम केले आहे. त्यामुळे त्या ८ लाखांची फोड करून दाखवावीशी वाटते. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत, कंपनीगणिक ते कमी-जास्त होतात. हिशेबाची रीत मात्र बहुतेक ठिकाणी हीच.

८ लाखांपैकी ठरलेला पगार साधारण साडेचार लाख, म्हणजे महिना साडेसदतीस हजार. त्यातूनही कपाती होतात. उरलेले साडेतीन लाख इन्सेंटिव्ह. तो विक्रीच्या प्रमाणात थेंबथेंब मिळत नाही, टप्प्याने मिळतो. टार्गेटच्या सत्तर टक्क्यांखाली राहिलात तर शून्य. आणि जाहिरातीत ‘कौन्सेलर’ म्हटले असले, तरी टार्गेट मार्गदर्शन केलेल्या मुलांचे नसते, रुपयांचे असते आणि आठवड्याचे असते.

समजा, आठवड्याला ८० हजार रुपये आणायचे आहेत आणि कोर्सची किंमत ४० हजार आहे. म्हणजे दोन प्रवेश. ऐकायला सोपे वाटते. पण दोन प्रवेशांसाठी आई-वडील समोर बसलेले दहा डेमो व्हावे लागतात. दहा डेमो प्रत्यक्षात व्हायचे तर वीस ठरवावे लागतात, कारण निम्मे लोक ऐनवेळी फोन उचलत नाहीत. वीस डेमो ठरवायला शे-सव्वाशे पालकांशी नीट बोलणे व्हावे लागते. चार फोनांमागे एक पालक बोलायला तयार होतो, असे धरले तर ४८० फोन. सहा दिवसांत विभागले की रोजचे ८०. नव्या मुलांना ‘रोज ८० डायल’ असे सांगितले जाते, तेव्हा तो आकडा असा उलटा मोजत आलेला असतो.

ही साखळी टिकते ती लीड ताजी असेल तर, म्हणजे पालकाने स्वतःहून अलीकडेच नंबर दिला असेल तर. ताज्या लीड जुन्या, चांगली विक्री करणाऱ्यांकडे जातात. नव्याच्या यादीत येणाऱ्या पालकांना आधीच तिघांनी फोन केलेले असतात. तिथे चारऐवजी सहा फोनांमागे एक जण बोलतो. मग तेच ८० डायल करूनही बोलणी होतात ऐंशी, डेमो होतात सहा-सात आणि प्रवेश एक, क्वचित दोन. मुलाने काम पूर्ण केले, पण टार्गेट निम्म्यावर आणि इन्सेंटिव्ह शून्य. आढाव्यात लीडचे वय कुणी काढत नाही. ‘टॉक टाइम कमी आहे’ एवढेच ऐकवले जाते. तूट भरायची तर दिवसाला १२० फोन लागतात, म्हणून रात्री दहापर्यंत फ्लोअर चालू असतो. रविवारी आई-वडील दोघेही घरी सापडतात, म्हणून रविवार सर्वांत धावपळीचा आणि सुट्टी मंगळवारी. हे मुलाखतीत कुणी सांगत नाही. सहा महिन्यांत पार थकून मुले सोडून जातात आणि महिन्याभराने आपल्या पानावर तीच जाहिरात पुन्हा येते.

रविवारी रात्री आठवडा बंद होतो. त्या दिवशी हा दाब पालकापर्यंत पोहोचतो. ४० हजार एकदम निघत नाहीत, म्हणून ५ हजार डाउन पेमेंट आणि उरलेल्या ३५ हजारांचे बारा हप्ते. ‘महिन्याला तीन हजारसुद्धा नाहीत’ असे सांगायचे. तिसऱ्याच वित्तसंस्थेचे कर्ज आपल्या नावावर चढते आहे, हे मात्र ओटीपी विचारताना पुटपुटायचे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून डिजिटल कर्जांना नियम लावले. कर्जाच्या अटींचे पत्रक आधी द्यायचे आणि ठरावीक मुदतीत दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडण्याची सोयही द्यायची, असे ते नियम आहेत. ती मुदत पालकाला आठवण करून द्यावी, असे कोणत्या कौन्सेलरला वाटेल? पालक बाहेर पडला, की आधी मोजलेले ४० हजार पुढच्या टार्गेटमध्ये चढतात. ८० हजारांचे एक लाख वीस हजार होतात. पहिला हप्ता परत गेला तरी तेच. सेल हातची जाऊ नये म्हणून डाउन पेमेंट स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून भरणारी बावीस-तेवीस वर्षांची मुले मी पाहिली आहेत. त्यातली काही तर हे घरीही सांगत नसत.

कौन्सेलर जे बोलून विकतो, ते निभवायचे असते ट्यूटरला आणि कंटेंट लिहिणाऱ्याला. ‘शंका कधीही विचारा’ असे आश्वासन दिले, की ट्यूटरच्या वेळापत्रकात तासाच्या पैशांत न मोजलेली वीस मिनिटे शिरतात. डेमो घेणाऱ्या ट्यूटरच्या नावावर तर ‘किती डेमोंतून प्रवेश झाले’ हेही टाकले जाते. गणित उत्तम शिकवणारी, पण मुलाची कच्ची बाजू पालकांना सरळ सांगणारी बाई तिथे मागे पडते. कंटेंट रायटरला उत्तरासह प्रश्नांचा रोजचा आकडा दिलेला असतो. तपासणीत प्रश्न परत आला तर तो मोजत नाहीत, म्हणून नवा प्रश्न रचण्यापेक्षा जुन्या प्रश्नातली संख्या बदलणे परवडते.

हे सगळे कुणाला माहीत नाही असे नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये अशा कंपन्यांबाबत पालकांना सावध करणारी सूचना काढली होती. पाठोपाठ जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांनी एकत्र येऊन स्वतःसाठी आचारसंहिता केली. तरी त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाला विक्रीच्या पद्धतींवरून बायजूजच्या प्रमुखांना बोलावणे धाडावे लागले. या साऱ्यात विचार झाला तो पालकांचा, आणि तो व्हायलाच हवा होता. पण फोन करणाऱ्याच्या डोक्यावरचा साप्ताहिक आकडा तसाच राहिला, तर त्याने गोड बोलावे, पण खरे बोलावे अशी अपेक्षा कशाच्या जोरावर ठेवायची?

म्हणून आपल्याला विनंती आहे. अशी जाहिरात घेताना कंपनीकडून चार गोष्टी मागून घ्याव्यात आणि छापाव्यात. ठरलेला पगार किती आणि इन्सेंटिव्ह किती. आठवड्याचे टार्गेट किती रुपयांचे आणि कोणत्या टप्प्याखाली इन्सेंटिव्ह मिळत नाही. प्रवेश रद्द झाला तर रक्कम कुणाच्या खात्यातून वजा होते. आणि प्रशिक्षणाच्या काळात पूर्ण पगार मिळतो, की ठरावीक विक्री झाल्यावरच नोकरी पक्की होते. महाविद्यालयांचे प्लेसमेंट विभागही कॅम्पसवर येणाऱ्या कंपनीला हे लेखी विचारू शकतात. मुलाखतीला जाणाऱ्याने आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: ‘नव्या माणसाला पहिल्या महिन्यात मिळणाऱ्या लीड किती दिवसांच्या असतात?’ उत्तर टाळले गेले, तर पॅकेजमधला ठरलेला पगार तेवढा आपला धरावा आणि त्यावरच खोलीचे भाडे ठरवावे.

आपला,
एक वाचक, पुणे
(नाव छापू नये, ही विनंती.)